नवी चाल आणि जुनी ओळख

गीताला चाल बांधणाऱ्या मनुष्याला कधी कधी असा अनुभव येतो की, दिवसभर पेटीपुढे बसून जे साधले नाही ते संध्याकाळी रस्त्याने जाताना एकदम ओठांवर येते. शब्द आणि स्वर जणू एकमेकांची वाट पाहत होते असे वाटते. अशा वेळी चाल ‘सुचली’ असे आपण म्हणतो. पण ती सुचली की आठवली, हा प्रश्न त्या आनंदात कोणी विचारीत नाही. या दोन क्रिया मनाच्या आत एकमेकींच्या इतक्या शेजारी घडतात की ज्याच्या मनात त्या घडतात त्यालाच त्यांतला भेद सांगता येत नाही. जाणूनबुजून चाल उचलणाऱ्याविषयी आम्हांला येथे काही सांगावयाचे नाही. प्रामाणिक माणसाच्या हातून अजाणता होणारे साम्य कसे ओळखावे, आणि तेही गाणे लोकांपुढे जाण्यापूर्वी, एवढाच आमचा विषय आहे.

या बाबतीत सर्वांत बोधप्रद खटला जॉर्ज हॅरिसन या इंग्रज गायकाचा आहे. ‘माय स्वीट लॉर्ड’ हे त्याचे भक्तिगीत १९७० साली निघाले आणि जगभर गाजले. पुढे एका अमेरिकन प्रकाशन संस्थेने फिर्याद केली की, या गाण्याची चाल रॉनल्ड मॅक याने रचलेल्या व शिफॉन्स नावाच्या गायिकांनी १९६३ साली गायिलेल्या ‘ही इज सो फाइन’ या गाण्याची आहे. एक गाणे देवाचे, दुसरे एका देखण्या तरुणाविषयीचे. शब्द निराळे, भाव निराळा. तरीही न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९७६ साली हॅरिसनच्या विरुद्ध निकाल दिला. निकाल देणारे न्यायमूर्ती रिचर्ड ओवेन हे स्वतः संगीतरचनाकार होते. त्यांनी दोन्ही गाण्यांची जी चिरफाड केली ती आपल्या सरगमात सहज मांडता येते.

जुन्या गाण्यात दोन लहान स्वरवाक्ये आहेत. पहिले ‘प ग रे’. हे चार वेळा येते. दुसरे ‘प ध सा ध सा’. तेही चार वेळा येते, आणि त्यात एके ठिकाणी रिषभाचा कण लागून ते ‘प ध सा ध रे सा’ असे होते. हॅरिसनच्या गाण्यात पहिले वाक्य चारच वेळा आहे, दुसरे मात्र तीन वेळा. चौथ्या वेळेच्या जागी त्याने साधारण तेवढ्याच लांबीचा वेगळा तुकडा घातला आहे. परंतु रिषभाचा तो कण त्याच जागी आहे, आणि खालून चाललेली स्वरसंगतीही तीच आहे.

आमच्या श्रोत्यांच्या ध्यानात एक गोष्ट आलीच असेल. हे सारे स्वर भूपाचे आहेत. ‘प ग रे’ किंवा ‘प ध सा’ हे काही कोणाच्या मालकीचे नाही. भूप शिकणारा मुलगा पहिल्या महिन्यातच ते गातो. न्यायमूर्तींनीही हे मान्य केले की सुटी सुटी घेतली तर ही वाक्ये सामान्यच आहेत. पण एक वाक्य चार वेळा, मग लगेच दुसरे तितक्याच वेळा, आणि ठरलेल्या जागी तो कण, ही मांडणी मात्र सामान्य नव्हे. विटा सर्वांच्या असतात. वाड्याचा नकाशा एकाचा असतो. जुने गाणे अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होते आणि इंग्लंडातही वाजले होते, तेव्हा ते हॅरिसनच्या कानावरून गेलेले होते. त्याने जाणूनबुजून चोरी केली असे न्यायालयाने म्हटले नाही. ही चाल लोकांना भावेल असे त्याच्या अबोध मनाला ठाऊक होते, कारण ती एकदा भावलेली होती, एवढेच म्हटले. पण कायद्याच्या दृष्टीने तेवढे पुरेसे ठरले, आणि १९८१ च्या आदेशाने त्याला ५ लाख ८७ हजार डॉलर द्यावे लागले.

यातून तपासणीचे दोन नियम निघतात. एक, शोधावयाचे ते स्वर नव्हेत, मांडणी. दुसरा, ज्याने चाल बांधली त्याचा कान या कामी साक्षीदार म्हणून चालणार नाही.

आता प्रत्यक्ष रीत पाहू. प्रथम शब्द बाजूला ठेवावेत. शब्द हे चालीचे मोठे वेषांतर आहे. देव आणि प्रियकर यांच्या गाण्यांतले साम्य शब्दांमुळेच झाकले गेले. चाल नुसत्या आकारात गावी आणि सरगमात कागदावर उतरावी, म्हणजे पट्टी कोणतीही असली तरी तुलना करता येते. मग तिचा सांगाडा काढावा. मींड, मुरकी, कण वगळावेत. समेवर कोणता स्वर येतो, कोठे ठेहराव आहे, कोणता तुकडा किती वेळा येतो आणि अंतरा कोठून उठतो, हे लिहावे. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच आहेत, पण भूप गंधाराभोवती फिरतो आणि देसकार धैवताभोवती, म्हणून कान त्यांना दोन राग मानतो. चालीचेही तसेच आहे. नुसत्या स्वरांची यादी जुळली म्हणून चाल जुळत नाही. वजन कोठे पडते ते जुळले तर जुळते. कण वगळले तरी त्यांची नोंद मात्र निराळी ठेवावी, कारण हॅरिसनच्या खटल्यात एक कणच साक्षीला उभा राहिला.

त्यानंतर लय बदलून पाहावी. केरव्यातली चाल विलंबित करून गावी, संथ चाल दुप्पट लयीत गावी, दादऱ्याची चाल केरव्यात बसवून पाहावी. वेगाखाली दडलेली ओळख अशा वेळी एकाएकी वर येते.

मग शोध. हॅरल्ड बार्लो व सॅम मॉर्गनस्टर्न यांनी १९४८ साली पाश्चात्त्य संगीतातील हजारो स्वरवाक्यांचा एक कोश काढला. त्यात सर्व वाक्ये एकाच पट्टीत आणून स्वरनामांच्या वर्णक्रमाने लावली आहेत. डेनिस पार्सन्स याने १९७५ साली याहून सोपी युक्ती काढली. पुढचा स्वर मागच्याहून वर आहे, खाली आहे की तोच आहे, एवढेच लिहावयाचे. ‘प ग रे, प ग रे’ याचे रूप ‘खाली, खाली, वर, खाली, खाली’ असे होते. ज्याला स्वरज्ञान नाही त्यालाही हे लिहिता येते. आपल्या भावगीतांची व चित्रपटगीतांची अशी वही कोणीही स्वतःपुरती करू शकतो. या पद्धतीची मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. उचलीचा एखादा स्वर अधिक झाला की पुढची सगळी ओळ एका घराने सरकते आणि जुळणारी गाणीही जुळत नाहीत. म्हणून उचलीसह आणि उचलीवाचून असा दोनदा शोध घ्यावा.

आज फोनवरही गाणी ओळखता येतात, पण त्यांत दोन जाती आहेत. एक जात विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा ठसा जुळवते. तिच्यापुढे आपण पेटीवर चाल वाजविली आणि ती गप्प राहिली, तर त्याचा अर्थ इतकाच की हे मुद्रण तिच्याजवळ नाही. चाल नवी आहे असा नव्हे. दुसरी जात गुणगुणलेल्या चालीचा आकार पाहते. गूगलने ही सोय २०२० साली आणली. आपल्या कामाची ही दुसरी. तिच्यापुढे मुखडा आणि अंतरा वेगवेगळे गुणगुणावेत, आणि ती जी नावे सुचवील ती गाणी स्वतः ऐकावीत.

तरीही माणसांच्या कानाला पर्याय नाही. पॉल मॅकार्टनी याला ‘यस्टरडे’ची चाल झोपेतून उठताना सुचली, तेव्हा ती आपली नसावी या शंकेने तो कित्येक दिवस ती भेटेल त्याला ऐकवून ‘ही ओळखीची आहे का’ असे विचारीत होता. कोणीच मालक निघाला नाही, तेव्हा त्याने ती आपली मानली आणि १९६५ साली गाणे निघाले. ऐकविण्यासाठी मात्र माणसे निवडावी लागतात. वाद्यवृंदात वर्षानुवर्षे पेटी वाजविणारा, भजनी मंडळातला म्हातारा, नाट्यपदे पाठ असलेली एखादी मावशी, आणि आजची गाणी ऐकणारा एक तरुण, अशी निरनिराळ्या स्मरणांची माणसे हवीत. त्यांना ‘हे कशासारखे वाटते का?’ असे विचारू नये; भिडेने ती ‘छान आहे’ म्हणतात. अर्धा मुखडा गाऊन थांबावे आणि ‘पुढे काय येईल?’ असे विचारावे. ऐकणाऱ्याने तुमचीच पुढची ओळ न अडखळता गायली, तर ती त्याने कोठेतरी ऐकलेली असण्याचा संभव आहे.

साम्य सापडले म्हणजे लगेच घाबरण्याचे कारण नाही. ते कोणत्या जातीचे आहे ते पाहावे. रागाचे चलन, परंपरेने आलेली ओवी वा भूपाळी, ठेक्याचे ठरीव वळण, ही सर्वांची मिळकत आहे. सात-आठ स्वरांपर्यंत साम्य चालते असा जो समज आहे त्याला कायद्यात आधार नाही. तुकडा लहान असूनही गाण्याचा प्राण असू शकतो. १९२४ साली अमेरिकेत जेरोम कर्न या नामांकित रचनाकारावर ठपका आला तो मुख्य चालीबद्दल नव्हे, तर तिच्या खालून सतत फिरणाऱ्या आठ स्वरांच्या साथीबद्दल. म्हणून आम्ही असे पाहतो: जुळणारी जागा मुखड्यात आहे की जाता जाता आलेली आहे? स्वरांबरोबर वजन, क्रम, आवर्तनांची संख्या आणि साथ यांपैकी किती गोष्टी एकाच वेळी जुळतात? एक जुळली तर योगायोग म्हणता येतो. तीन जुळल्या तर चाल दुरुस्त केली पाहिजे.

दुरुस्ती म्हणजे एखादा स्वर बदलणे नव्हे. हॅरिसनने चौथे आवर्तन बदललेलेच होते, त्याचा उपयोग झाला नाही. मांडणीत साम्य असेल तर मांडणीच मोडली पाहिजे: सम दुसऱ्या स्वरावर न्यावी, आवर्तनांची संख्या बदलावी, अंतऱ्याचे उठाण दुसरीकडून घ्यावे, आणि नव्या रूपाची तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी. ते जमले नाही, तर मूळ चालीच्या मालकाची परवानगी घेऊन त्याचे नाव छापावे. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यातील आजच्या तरतुदीप्रमाणे रचनाकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो; तेव्हा ‘गाणे फार जुने आहे’ एवढ्याने भागत नाही, तारीख पाहावी लागते.

एवढे करूनही कोठल्या तरी गावी, कोणाच्या तरी तबकडीवर तीच चाल निघणारच नाही, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. जी चाल आपण खरोखर कधी ऐकली नव्हती तिच्याशी जुळले तर तो योगायोग, आणि कायदाही त्याला दोष देत नाही. दोष लागतो तो ऐकून विसरलेल्या चालीचा. म्हणून जी चाल फार सहज आली आणि पहिल्याच दिवशी सर्वांना आवडली, तिची तपासणी सर्वांत कसून करावी.