दुधाच्या चहाचा डाग एक नसतो

पांढऱ्या सुती शर्टावर चहा सांडला, की घरातलं कुणीतरी धुण्याच्या साबणाची वडी शोधायला धावतं. वडी डागावर खसाखसा घासली जाते, वर गरम पाणी ओतलं जातं, डाग बराचसा फिका पडतो. शर्ट वाळतो, त्यावर इस्त्री फिरते आणि इस्त्रीखालून पिवळट-तपकिरी धब्बा पुन्हा डोकं वर काढतो. खापर अर्थातच चहावर फुटतं. डाग पाडला चहाने हे खरं, पण तो पक्का केला गरम पाण्याने, वडीने आणि इस्त्रीने.

आपल्याकडच्या दुधाच्या चहात तीन-चार डाग एकत्र नांदत असतात. पत्तीचा रंग म्हणजे टॅनिन. दुधातली प्रथिनं हा दुसरा, दुधातली स्निग्धता तिसरा आणि साखर चौथा. रक्ताचा डाग मुख्यतः प्रथिनांचा, लिपस्टिकचा मुख्यतः मेण-तेलाचा, काळ्या कॉफीचा टॅनिनसारख्या वनस्पतीजन्य रंगाचा. म्हणजे चहाचा एक डाग नीट काढता आला, की बाकीच्यांची चाल आपोआप कळते.

आधी वडीबद्दल. तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून केलेला साबण क्षारधर्मी असतो आणि चहाच्या रंगाला क्षार मानवत नाही. घरीच बघता येईल: बिनदुधाचा चहा दोन कपांत ओता, एकात लिंबू पिळा, दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. लिंबाचा चहा सोनेरी होतो, सोड्याचा गडद तांबूस-काळपट. हळदीच्या डागाला साबण लावल्यावर तो लाल होतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. त्यात पाणी बोअरचं आणि जड असेल, तर साबणाचा पांढुरका साका धाग्यांवर बसतो आणि रंगाला धरून ठेवतो. पाण्यात लोह असेल, तर टॅनिन आणि लोह मिळून काळपट निळी छटा येते. जुन्या काळची काळी शाई याच मिश्रणातून होत असे. म्हणून चहा-कॉफीच्या डागावर पहिला हात साबणाच्या वडीचा नको. भांडी घासायचं लिक्विड चालतं. ते साबण नसून डिटर्जंट असतं आणि फारसं क्षारधर्मीही नसतं.

आता तो शर्ट हातात घेऊ. चहा नुकताच सांडलाय. कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचा, घासायचा नाही. मग शर्ट उलटा करून डागाच्या मागच्या बाजूने गार पाण्याची धार दोन-तीन मिनिटं सोडायची, म्हणजे चहा आला त्याच वाटेने बाहेर पडतो. गारच पाणी का, तर दुधातली काही प्रथिनं उकळत्या पाण्यात घट्ट होऊन धाग्यात अडकतात. ‘चहाच्या डागावर उंचावरून उकळतं पाणी ओता’ हा जुना सल्ला खोटा नाही, पण तो सुती कापडावरच्या कोऱ्या चहाचा. आपण तो दुधाच्या चहाला लावतो, तिथे घोळ होतो.

धारेनंतर लिक्विडचे चार थेंब डागावर बोटाने चोळून दहा मिनिटं ठेवायचे, स्निग्धता सुटते. खळबळून घ्यायचं. आता उरते ती फिकट तपकिरी कडा, म्हणजे टॅनिन. एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी लावून पंधरा मिनिटं थांबायचं आणि नीट धुऊन टाकायचं. त्यानंतर एन्झाइमवाल्या पावडरच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायचं. एवढ्यावरही छटा राहिली तर ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट. लिटरभर कडकडीत गरम पाण्यात एक मोठा चमचा टाकून अर्धा तास. गरम पाण्याला इथे, शेवटी, परवानगी आहे, कारण प्रथिनं आधीच निघून गेलेली असतात. क्लोरीनवालं ब्लीच मात्र व्हिनेगरच्या आसपासही आणू नये. दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू सुटतो.

मग शर्ट सावलीत वाळवायचा. ओल्या कापडावर तेलकट डाग दिसतच नाही. कोरडा झाल्यावर उजेडासमोर धरला की त्याची चकाकी दिसते. साखरेचं तर आणखी वाईट. ती राहून गेली तरी कापड स्वच्छच दिसतं, फार तर हाताला किंचित कडक लागतं. इस्त्रीखाली ती करपते आणि डाग तपकिरी होतो. इस्त्री लावण्याआधी कोरडं कापड एकदा डोळ्यांनी आणि बोटांनी तपासणं, एवढं जरी केलं तरी बरेच कपडे वाचतील.

रक्ताच्या बाबतीत चूक आणखी महाग पडते, कारण तिथे सगळा खेळ प्रथिनांचाच. गरम पाणी पडलं की उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं रक्त गोठतं. गार पाण्यात, थोडं मीठ घालून, भिजवायचं आणि पाणी लाल होईल तसं बदलायचं. वाळलेलं असेल तर एन्झाइमवाल्या पावडरच्या जेमतेम कोमट पाण्यात रात्रभर. प्रथिनं तोडणारे एन्झाइम धुण्यासाठी वापरण्याची कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो रोम यांची, पेटंट १९१३चं. कडकडीत पाण्यात एन्झाइमच निकामी होतात, त्यामुळे घाई करून फायदा नाही. पांढऱ्या सुती कापडावर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइडही चालतं. सहा टक्क्यांचं मिळालं तर तेवढंच पाणी मिसळावं. टाकताच फसफसतं, ते रक्तातल्या एन्झाइममुळे. रंगीत कापडाचा मात्र रंग उडू शकतो, तेव्हा आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून बघावं.

पैठणीसारख्या रेशमावर किंवा लोकरीवर यातलं बरंचसं चालत नाही. रेशीम आणि लोकर स्वतःच प्रथिनं. रक्ताला खाणारे एन्झाइम त्यांनाही सोडत नाहीत. गार पाण्याने टिपायचं, तेही पदर पाणी सोसतो अशी खात्री असेल तर. नाहीतर तसंच ड्रायक्लीनरकडे न्यायचं. घरच्या प्रयोगात पैठणी गमावण्यापेक्षा चार पैसे गेलेले बरे.

लिपस्टिकला पाणी पहिल्यांदा लावूच नये. मेण आणि तेल पाण्याला दाद देत नाहीत आणि गरम पाण्याने मेण वितळून रंग घेऊन खोल उतरतं. वरचा थर चमच्याच्या कडेने उचलायचा. डागाखाली टिश्यूची घडी ठेवायची आणि कापड पालथं करून मागून स्पिरिटने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, भिजवलेल्या कापसाने टिपत राहायचं. रंग खालच्या टिश्यूवर उतरतो. टिश्यू लाल झाला की बदलायचा, नाहीतर रंग परत कापडात शिरतो. मग लिक्विड आणि कोमट पाणी. हाताशी सॅनिटायझर असेल तर तोही चालतो. नेलपेंट रिमूव्हर मात्र टाळावा. ॲसिटेट कापड ॲसिटोनमध्ये विरघळतं. दिवसभर टिकणाऱ्या लिपस्टिकची छटा कधीकधी काही केल्या जात नाही. पांढऱ्या सुती कापडावर परकार्बोनेट करून पाहता येतं, रंगीत रेशमावर काही नाही.

परटाकडे कपडे देणाऱ्यांनी डागाभोवती दोऱ्याचा टाका घालावा आणि डाग कशाचा, कधीचा आणि त्यावर घरी काय लावलं हे चिठ्ठीवर लिहावं. चिठ्ठी नसली तर तोही बिचारा वडी घासतो आणि वरून इस्त्री फिरवतो.