नऊ जणांच्या टीममध्ये ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’ का फसतो?

महिन्याच्या शेवटी ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो पडतो. हातात प्रमाणपत्र, शेजारी बॉस, खाली ‘अभिनंदन’. पुढच्या दहा मिनिटांत टाळ्यांचे इमोजी येतात. आणि त्याच वेळी बॉस नसलेल्या दुसऱ्या ग्रुपवर वेगळीच चर्चा सुरू होते, “परत हाच?”

पाचशे लोकांच्या कंपनीत हा पुरस्कार खपून जातो, कारण जिंकलेल्याला बहुतेक जण ओळखतही नसतात. छोट्या टीममध्ये मात्र सगळ्यांना सगळं दिसतं. कोण किती वाजता आलं, कोणाचं काम कोणी निस्तरलं, हे तिथं लपत नाही.

त्यात साधं गणितही आडवं येतं. नऊ जणांची टीम आणि वर्षाला बारा पुरस्कार. आळीपाळीनं दिले तर नवव्या महिन्यापर्यंत सगळ्यांचा नंबर लागून जातो आणि पुरस्काराची ‘पाळी’ होते. खरंच कामावर दिले तर दोन-तीन जणच सारखे जिंकतात आणि बाकीचे त्यातून मन काढून घेतात. म्हणजे बॉस कितीही प्रामाणिक असला तरी ही रचनाच त्याला अडचणीत आणते.

मग सगळ्यांनाच बक्षीस द्यायचं का?

यावर एक चांगला प्रयोग झालेला आहे. २०१६ साली ‘मॅनेजमेंट सायन्स’ या जर्नलमध्ये तो छापून आला. संशोधकांनी तीनशेहून जास्त लोकांना तीन तासांच्या डेटा एंट्रीच्या कामावर घेतलं आणि आठ-आठ जणांचे गट केले. दोन तासांनी काही गटांत, आधी काहीही न सांगता, आभाराची कार्डं दिली. कुठं सगळ्यांना, कुठं फक्त पहिल्या तिघांना, तर कुठं एकालाच. सगळ्यात जास्त फरक तिघांना कार्ड मिळालेल्या गटांत पडला. आणि गंमत म्हणजे कामाचा वेग मुख्यतः वाढला तो कार्ड न मिळालेल्यांचा.

पण हे लोक तीन तासांपुरते एकत्र आले होते. सगळ्यांचं काम एकच होतं आणि ते मोजता येत होतं. रोज एकत्र डबा खाणाऱ्या टीमला ‘टॉप थ्री’ जसंच्या तसं लावलं तर तीन महिन्यांत पुन्हा तोच दुसरा ग्रुप जागा होईल. माझ्या मते घेण्यासारखी गोष्ट इतकीच की कौतुक कमवावं लागलं पाहिजे, पण ते एकट्यालाच मिळेल असं नसावं.

हे प्रत्यक्षात कसं बसवायचं? समजा, एक प्रिंटिंगचं दुकान आहे. पत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं. काउंटरवर दोघं, डिझायनर तिघं, मशीनवर दोघं, कटिंग-बाइंडिंगला एक आणि डिलिव्हरीला एक. मालकानं तीन महिन्यांसाठी बक्षिसाचे १८,००० रुपये बाजूला काढलेत.

डिझायनर आणि डिलिव्हरीवाला यांची तुलना करायचीच नाही. प्रत्येक कामाची स्वतःची अट ठरवायची, आणि ती तिमाही सुरू होण्याआधी लिहून भिंतीवर लावायची. डिझायनरनं पास केलेल्या पत्रिकेत नावाची किंवा तारखेची चूक निघून ती पुन्हा छापावी लागली, असं तीन महिन्यांत दोनपेक्षा जास्त वेळा व्हायला नको. डिलिव्हरीवाल्याचं पार्सल कबूल केलेल्या दिवशी पोहोचलं पाहिजे. आकडा किती ठेवायचा, हे मागच्या काही महिन्यांची वही बघून आणि ते काम करणाऱ्यालाच विचारून ठरवावं.

अट पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला १,००० रुपये. इथं एक सापळा आहे. ‘९,००० रुपये पात्र लोकांमध्ये वाटून देऊ’ असं मालक म्हणाला, तर तिघं पात्र ठरल्यावर ३,००० मिळतात आणि नऊ ठरल्यावर १,०००. म्हणजे शेजारच्याचं काम बिघडलं की माझा फायदा! मग नवीन डिझायनरला कोण काय शिकवेल? म्हणून माणशी रक्कम आधीच ठरलेली हवी. सगळे नऊ पात्र ठरले तरी खर्च ९,००० च. उरलेले ९,००० सगळ्यांच्या सामायिक लक्ष्यावर ठेवायचे. उदाहरणार्थ, लग्नसराईत फुकट गेलेल्या कामांची संख्या ठरलेल्या आकड्याच्या आत राहिली तर प्रत्येकी १,०००, नाहीतर कोणालाच नाही.

अट ठरवताना ‘मागच्यापेक्षा सुधारणा दाखवा’ असं म्हणायचा मोह होतो. तो टाळावा. आधीपासून नीट काम करणाऱ्यानं सुधारणा कुठून आणायची? अमेरिकेतल्या कपडे धुण्याच्या एका कारखान्यात वेळेवर येणाऱ्यांसाठी बक्षीस सुरू झालं होतं, त्याचाही अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. काही लोक फक्त बक्षिसाला पात्र असेपर्यंतच वेळ पाळत होते, आणि पात्रता टिकवायला आजारपणाची रजा टाकत होते. पण खरा फटका बसला तो आधीपासूनच वेळेवर येणाऱ्यांच्या कामाला. त्यांची उत्पादकता ६ ते ८ टक्क्यांनी घसरली. जे ते मुकाट्यानं करत होते, त्यावरच आता बक्षीस ठेवलं गेलं होतं. आपल्या दुकानातला जो डिझायनर आधीच चुका करत नाही, त्याला पहिल्याच तिमाहीत पैसे मिळाले पाहिजेत.

आता जे मोजता येत नाही त्याचं काय? कटिंगवाला रात्री थांबून सकाळची ऑर्डर वाचवतो, ते कुठल्याच अटीत बसत नाही. मालक तेव्हा घरी असतो. पक्षपात बऱ्याचदा असाच होतो. मनात काही नसतं, पण डोळ्यांसमोर जो असतो त्याचंच काम दिसतं. यावर चिठ्ठी हा साधा उपाय आहे. शनिवारी ज्याला वाटेल त्यानं लिहायचं : कोणी, काय केलं, आणि ते केलं नसतं तर काय झालं असतं. ‘खूप मेहनती आहे’ अशी चिठ्ठी बाद. मालकाची चिठ्ठीही याच नियमानं. या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर वाचायच्या, पैसे मात्र त्यांना जोडायचे नाहीत. पैसे जोडले की ‘तू माझी लिही, मी तुझी लिहितो’ सुरू होतं.

तीन महिन्यांनी या चिठ्ठ्यांचा एका कागदावर तक्ता करावा. डावीकडे नावं, पुढे कोणाला किती मिळाल्या आणि कोणाकडून. दोघं फक्त एकमेकांनाच लिहीत असतील तर लगेच दिसतं. मालकाच्या निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या काउंटरवरच्याच असतील तर तो बहुतेक काउंटरपाशीच बसतो. एखाद्याच्या नावापुढे शून्य असेल तर तो कामचुकार आहे असं लगेच ठरवू नये. आधी त्याच्यासोबत एक दिवस काढावा. एकट्यानं करायचं काम कोणाला दिसतच नसेल, तर त्याबद्दल लिहिणार कोण?

पगाराचा घोळ मात्र यातून सुटत नाही. एकाच मशीनवरच्या दोघांच्या पगारात कारण न सांगता तीन हजारांचा फरक असेल, तर हजाराचं बक्षीस त्या जखमेवर मीठ चोळतं. ते आधी मिटवायचं, बक्षिसाचं नंतर.

आणि शेवटचा, छोट्या धंद्यात हमखास येणारा प्रश्न. मालकाचा भाचा टीममध्ये असेल तर? त्याची अट पूर्ण झाली की नाही हे मालकानं बघायचं नाही. दुसऱ्या विभागातल्या दोघांनी वही बघून सांगायचं, आणि ती वही कोणालाही उघडून बघता येईल अशी काउंटरवर ठेवायची. मामानं भाच्याला चिठ्ठीही लिहायची नाही. कौतुक करायचंच असेल तर घरी जेवताना करावं.