प्रश्न काढण्याआधीचा तक्ता

नर्सिंगच्या परीक्षेआधी मुलींच्या हातात ‘आयएमपी’ प्रश्नांची यादी फिरत असते. ती बऱ्याचदा खरीही ठरते, कारण पेपर काढणाऱ्या बाईंचा हात सवयीने ठरावीक धड्यांकडेच वळतो. यावरचा उपाय म्हणजे प्रश्न लिहायला बसण्याआधी आराखडा करणे. बी.एड. झालेले शिक्षक त्याला संविधान तक्ता म्हणतात, नर्सिंग कॉलेजात ‘ब्लूप्रिंट’ हाच शब्द चालतो. तक्त्यात उभे घटक आणि आडव्या विचारांच्या पातळ्या असतात. बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी 1956 मध्ये अशा सहा पातळ्या मांडल्या. लेखी पेपरसाठी ज्ञान, आकलन आणि उपयोजन या तीन पातळ्यांवर बहुतेक काम भागते.

मेडिकल सर्जिकल नर्सिंगची 75 गुणांची अंतर्गत परीक्षा घ्यायची आहे आणि शिकवण्याचे तास 60 झाले आहेत, असे समजा. म्हणजे एका तासाला सव्वा गुण. पचनसंस्था आणि हृदय यांना प्रत्येकी 16 तास दिले, त्यांचे 20-20 गुण. श्वसनाच्या 12 तासांचे 15. रक्ताचे विकार आणि अंतःस्रावी ग्रंथी यांच्या आठ-आठ तासांचे 10-10. हिशेब जुळला, पण इथेच थांबू नये. मधुमेहाचा रुग्ण प्रत्येक वॉर्डात भेटतो आणि इन्सुलिनचा डोस चुकला तर जिवावर बेतते. म्हणून घटक किती वेळा समोर येतो आणि चुकल्यास किती नुकसान होते, हेही पाहायचे. तसे पाहून अंतःस्रावी ग्रंथींना 13 आणि पचनसंस्थेला 17 गुण दिले. हा निर्णय एकट्याने न घेता वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टरांना विचारून घेतलेला बरा.

आता आडवी वाटणी: ज्ञान 20, आकलन 25, उपयोजन 30. पण दोन्ही बेरजा जुळल्या तरी पेपर एकांगी असू शकतो. हृदयाचे 20 च्या 20 गुण पाठांतरावर गेले आणि अंतःस्रावी ग्रंथींचे 13 च्या 13 उपयोजनावर आले, तरी कडेच्या बेरजा बिनचूक दिसतात. म्हणून आतला प्रत्येक चौकोन भरावा लागतो. हृदयासाठी ज्ञान 4, आकलन 6 आणि उपयोजन 10 असे ठरवू.

डिगॉक्सिन हे एकच औषध घेतले तरी तिन्ही पातळ्या दिसतात. गोळी देण्यापूर्वी नाडी कुठे आणि किती वेळ मोजावी, हे ज्ञान: छातीवर, पूर्ण एक मिनिट. फ्युरोसेमाइड सोबत चालू असेल तर धोका का वाढतो, हे आकलन: लघवीवाटे पोटॅशियम कमी होते आणि डिगॉक्सिनची विषबाधा लवकर होते. उपयोजनात रुग्णच समोर येतो. हार्ट फेल्युअरच्या आजोबांना दोन्ही औषधे चालू आहेत, सकाळपासून मळमळ आहे, दिसायला पिवळट दिसते म्हणतात, नाडी 52. तुम्ही काय कराल, कोणत्या क्रमाने? इथे डोस थांबवणे, डॉक्टरांना कळवणे, पोटॅशियमचा रिपोर्ट पाहणे हे सगळे कारणासकट यायला हवे. मात्र हीच केस वर्गात सोडवून घेतली असेल, तर पेपरात ती उपयोजन राहत नाही, आठवण होते. ‘स्पष्ट करा’ असे लिहिल्यानेही प्रश्न आकलनाचा होत नाही. उत्तर नोट्समधून जसेच्या तसे उतरवता येत असेल, तर तो ज्ञानाचाच.

सर्वात जास्त नुकसान ‘कोणताही एक सोडवा’ या ओळीने होते. हृदयाच्या 10 गुणांच्या केसला ‘किंवा’ म्हणून पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा दिली, तर हृदय ऑप्शनला टाकलेली मुलगी दुसरा प्रश्न घेते. तिने प्रत्यक्षात सोडवलेल्या पेपरात हृदय 10 गुणांचे आणि पचनसंस्था 27 गुणांची होते. शेजारी बसलेल्या मुलीचा पेपर वेगळाच. मग दोघींच्या गुणांची तुलना कशी करायची? मला विचाराल तर पर्याय देऊच नयेत. द्यायचेच असतील तर त्याच चौकोनातले द्यावेत: हार्ट फेल्युअरच्या केसला हार्ट अटॅकची केस.

काही ठिकाणी आधी पेपर निघतो आणि मग त्याला शोभेल असा तक्ता फाइलला लावला जातो. हे पकडायची सोपी रीत आहे. तक्ता न दाखवता पेपर दुसऱ्या शिक्षिकेला द्यावा आणि प्रत्येक प्रश्नापुढे घटक व पातळी लिहायला सांगावे. तिच्या खुणा मूळ तक्त्याशी ताडून पाहाव्यात. जिथे एकीचे ‘उपयोजन’ दुसरीचे ‘ज्ञान’ ठरते, तो प्रश्न पेपर छापायला जाण्याआधी पुन्हा लिहावा.