डाळ मिल आली, उभारणी केव्हा?

कलबुर्गी जिल्हा तुरीचे आगर म्हणून ओळखला जातो. येथील तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक मानांकनही लाभले. आळंद, बसवकल्याण, भालकी या सीमाभागातील तालुक्यांत गट किंवा सहकारी संस्था लहान डाळ मिल विकत घेतात, तेव्हा यंत्र गावात पोचले की काम झाले, असा समज होतो. वस्तुतः यंत्र पोचण्याचा दिवस आणि उभारणीचा दिवस हे दोन वेगळे दिवस होत. जागा तयार नसताना फिटर आला, तर तो परत जातो. पुन्हा येईपर्यंत तुरीचा हंगाम सरू लागतो.

यंत्र उतरवून घेताना चलनाप्रमाणे नग मोजावेत, मोडतोड दिसल्यास त्याच दिवशी चलनावर नोंदवावी आणि पेट्या फळ्यांवर, छपराखाली ठेवाव्यात. त्यानंतर उभारणीची तारीख ठरवावी.

ही तारीख प्रामुख्याने पायावर अवलंबून असते. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून काळा थर काढून मुरमापर्यंत खोदावे. बोल्टांची जागा दाखविणारा नकाशा विक्रेत्याकडून आधीच मागवावा. समजा, काँक्रीट ५ डिसेंबरला ओतले, तर किमान सात दिवस, म्हणजे १२ तारखेपर्यंत, त्यावर पाणी मारावे लागते. आणखी आठवडाभर थांबून १९ नंतर यंत्र बसविणे सुरक्षित असते. घाई केल्यास बोल्ट सैल होऊन यंत्र थरथरते.

दुसरी बाब विजेची. मुख्य यंत्र साडेसात, उद्वाहक दीड व चाळणी एक, अशी मोटरींची बेरीज १० अश्वशक्ती होत असेल, तर तो भार सुमारे साडेसात किलोवॅट होतो. मंजूर भार याहून कमी नसावा. शेतपंपाच्या जोडणीवर मिल चालवू नये; ती जोडणी वेगळ्या प्रयोजनासाठी असते आणि तिच्यावर तीन फेज पुरवठा ठरावीक तासच मिळतो. मीटर, मेन स्विच व अर्थिंग पूर्ण झालेले असावे. मोटर नुसती गुणगुणून फिरत नसेल, तर एखादी फेज गेली असण्याचा संभव असतो. अशा वेळी ती तत्काळ बंद करावी. उद्वाहक उलटा फिरल्यास वीजतंत्र्याकडून दोन फेजच्या तारांची अदलाबदल करून घ्यावी.

तिसरी बाब वाटेची. सर्वांत मोठ्या पेटीची रुंदी व उंची दाराशी ताडून पाहावी. उद्वाहकाची उंची छपराखाली मावते की नाही, हेही मोजावे. यंत्राभोवती माणूस वावरेल एवढी मोकळी जागा आणि डाळ वाळविण्यास स्वच्छ अंगण असावे.

वरील उदाहरणात मीटर २२ डिसेंबरला बसणार असेल, तर पाया १९ लाच तयार असूनही फिटरला २४ तारीख द्यावी. सर्वांत उशिरा पुरी होणारी बाबच तारीख ठरविते. पत्रात ‘पाया झाला, वीज आली, दार मोजले’ असे बाबवार लिहावे, विक्रेत्याकडून लेखी होकार घ्यावा आणि दोन दिवस आधी पुन्हा खात्री करावी. एकही बाब अपुरी असल्यास तारीख त्याच वेळी पुढे ढकलावी.