कळीदार अनारकलीची बेतणी

अनारकलीचे दोन भाग असतात. वर छातीखालपर्यंत अंगाला बसणारा योक आणि त्याखाली कळ्या जोडून केलेला घेर. कळी म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद होत जाणारा पट्टा. चुण्या घातल्या तर शिवणीपाशी कापड फुगते. कळ्यांच्या कुर्त्याला मात्र वर कापड जास्त नसते, रुंदी हळूहळू वाढत खाली जाते. त्यामुळे या बेतणीत पहिला निर्णय कळ्यांच्या संख्येचा असतो.

एक माप धरून हिशेब पाहता येतो. योकच्या खालच्या कडेचे अंगमाप ३० इंच, त्यात २ इंच सैलपणा, म्हणजे ३२ इंच. कळीची तयार लांबी ३६ इंच आणि हवा असलेला घेर १४४ इंच, म्हणजे ४ वार. १६ कळ्या घेतल्या तर प्रत्येक कळी वर २ इंच आणि खाली ९ इंच तयार व्हायला हवी. दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच माया धरून ती वर ३ आणि खाली १० इंच कापली जाते.

हाच घेर ८ कळ्यांत बसवला तर कळी वर ४ आणि खाली १८ इंच होते. तिची प्रत्येक बाजू मध्यरेषेपासून ७ इंच बाहेर झुकते. १६ कळ्यांत हा झुकाव साडेतीन इंचच असतो. कळीच्या मधोमध कापडाचा उभा धागा असतो. बाजू जितकी तिरपी, तितकी ती उरेबात जाते, ताणली जाते आणि लोंबते. शिवाय सगळा फुलारा मोजक्या शिवणींपाशी गोळा होतो. कळ्या वाढवल्या की तो गोलाकार सारखा वाटला जातो.

पण संख्येला मर्यादाही आहेत. १६ कळ्यांच्या वरच्या कडेला १६ शिवणींची माया एकत्र येते. जॉर्जेटसारख्या पातळ कापडात ती जाणवत नाही. ब्रोकेडमध्ये छातीखाली जाड वळ उठतो, म्हणून तिथे ८ ते १२ कळ्या पुरे होतात. दुसरे म्हणजे चूक शिवणींच्या संख्येने गुणली जाते. प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंनी अर्धा सूत जास्त कापड गेले, तरी १६ शिवणींत माप २ इंचांनी घटते आणि घेर योकला पुरत नाही.

तिसरी मर्यादा पन्ह्याची. कळ्या एक सुलटी, एक उलटी अशा मांडल्या की कापड वाचते. ३ आणि १० इंचांच्या सहा कळ्यांची बेरीज ३९ इंच होते. मात्र ओळीच्या टोकाची बाजू तिरकी असल्याने आणखी साडेतीन इंच लागतात. ४४ इंच पन्ह्यात त्या बसतात. कळी खाली ११ इंचांची केली तर नुसती बेरीज ४२ येते, पण प्रत्यक्षात ४६ इंच लागतात आणि सहावी कळी बसत नाही. वर अर्धा इंच व खाली एक इंच माया धरून १६ कळ्यांना तीन लांब्या, म्हणजे सुमारे ३ मीटर कापड लागते. एकाच दिशेच्या छापाला किंवा मखमलीला उलटसुलट मांडणी चालत नाही. तिथे ४४ इंचांत चारच कळ्या निघतात, म्हणून चार लांब्या धराव्या लागतात.

आता खालची कड. कळीची तिरकी बाजू मध्यरेषेपेक्षा लांब असते. वरच्या मापात हा फरक एका सुतापेक्षा थोडा जास्त आहे. ८ कळ्यांत तो सुमारे पाच सूत होतो. खालची रेघ सरळ ठेवली तर प्रत्येक शिवणीपाशी टोक लोंबते. म्हणून तिरक्या बाजूवरही ३६ इंच मोजून खूण करतात आणि ती मधल्या खुणेला किंचित गोलाईने जोडतात. आधी एक कागदी कळी करून तिच्यावरूनच सगळ्या कळ्या कापल्या तर गोलाई सारखी येते.

शिवताना वरची व खालची टोके आधी टाचून घेतात आणि सगळ्या शिवणी एकाच दिशेने, रुंद कडेकडून अरुंद कडेकडे मारतात. काही शिवणी उलट दिशेने गेल्या तर कळ्या वेगवेगळ्या ताणल्या जातात आणि घेर एका बाजूला वळतो.

योकला जोडलेला कुर्ता दुमड घालण्याआधी एक दिवस टांगून ठेवतात. उरेबातला भाग जेवढा लोंबायचा तेवढा या वेळेत लोंबतो. मग तो अंगावर घालून, नेहमीच्या चपला पायात असताना, जमिनीपासून सारख्या उंचीवर गोल खुणा करतात आणि जास्तीचे कापड छाटतात. गोल कडेला रुंद दुमड घातली तर आतली कड बाहेरच्यापेक्षा आखूड असल्याने सुरकुत्या पडतात. म्हणून पाव इंचाची बारीक दुमड घालतात. जड कापडाला आतून उरेब पट्टी लावतात.