एका दिवशी पाच लशी: बाळाच्या प्रतिकारशक्तीवर भार पडतो काय?

दीड महिन्याचे मूल घेऊन आई आरोग्य उपकेंद्रात आली, की परिचारिका त्याच्या डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट, उजव्या मांडीत न्यूमोकोकसची आणि उजव्या दंडाच्या कातडीत पोलिओची इंजेक्शनाची लस टोचते, शिवाय पोलिओ व रोटा यांचे थेंब तोंडात सोडते. आणि हा सारा प्रकार पाहून सोबत आलेली आजी, ‘एवढ्याशा जिवाला एकदम किती टोचायचं ते! कसं पेलवायचं त्याला?’ असे म्हणाल्यावाचून राहत नाही. या उद्गारामागे ममता आहे हे खरे. परंतु प्रतिकारशक्ती म्हणजे माठातल्या पाण्यासारखा मोजका साठा असून प्रत्येक लस त्यातून एकेक ओंजळ उपसते, ही जी समजूत त्याच्या मुळाशी आहे, तिला वस्तुस्थितीचा आधार नाही.

शरीरात बी-पेशी नावाच्या ज्या पेशी असतात, त्यांतील प्रत्येक पेशी साधारणतः एकाच विशिष्ट आकाराचा परकीय घटक ओळखते, आणि तो समोर आल्यावर विभागत जाऊन काही दिवसांत आपल्यासारख्या असंख्य पेशी उत्पन्न करते. घटसर्पाचा घटक ओळखणारी पेशी निराळी, कावीळ-ब ची निराळी. म्हणून एक कामाला लागली की दुसरीच्या वाट्याचे काम अडून राहते असे होत नाही. शिवाय जन्मल्या क्षणापासून बाळाच्या त्वचेवर, घशात व आतड्यांत जंतूंची वस्ती सुरू होते, आणि त्यांतील एकेका जंतूत हजारो प्रथिने असतात. जन्मतःच दिली जाणारी बीसीजी लस हा तर सुमारे चार हजार जनुकांचा जिवंत, परंतु दुर्बल केलेला जंतू होय. ती टोचताना भाराची तक्रार फारशी कोणी करीत नाही, कारण सुई एकच असते. म्हणजे आपण मोजतो त्या सुया, प्रतिजन नव्हेत.

या संदर्भात पॉल ऑफिट आणि त्यांचे सहकारी यांनी २००२ साली मांडलेला, अर्भक एकाच वेळी दहा हजार लशींना प्रतिसाद देऊ शकेल, हा हिशेब पुष्कळदा पुढे केला जातो. तो गृहीतांवर उभारलेला कागदी हिशेब आहे, आणि मला त्यावर भिस्त ठेवावीशी वाटत नाही. पूर्वीपेक्षा आजच्या लशींतील प्रतिजनांची संख्या घटली, असेही सांगतात. अमेरिकेपुरते ते खरे. आपल्या सरकारी पेंटाव्हॅलंटमध्ये मात्र डांग्या खोकल्याचा संपूर्ण मृत जंतू असतो, आणि एकट्या त्याचेच घटक तीन हजारांच्या घरात जातात. तेव्हा पुरावा प्रत्यक्ष मुलांतच शोधावयास हवा. डेन्मार्कमध्ये १९९० ते २००१ या काळात जन्मलेल्या आठ लाखांहून अधिक मुलांची दप्तरे तपासण्यात आली. लशींच्या भाराने प्रतिकारशक्ती खचत असती, तर लशींशी संबंध नसलेल्या अन्य संसर्गांनी ही मुले रुग्णालयात अधिक दाखल व्हावयास हवी होती. तसे आढळले नाही.

मग त्या रात्री ताप का येतो? डांग्या खोकल्याच्या त्या मृत जंतूच्या आवरणातील द्रव्ये शरीराला चेतवितात म्हणून. आणि हा ताप बहुधा एकदोन दिवसांत उतरतो. तो प्रतिसादाचा ताप आहे, थकव्याचा नव्हे. अर्थात ताप फार चढला, मूल तीन तासांहून अधिक काळ न थांबता रडत राहिले, निपचित पडले किंवा त्याला आकडी आली, तर दवाखाना तात्काळ गाठावा.

एकत्र देण्यास काही मर्यादाच नाहीत असेही नाही. परस्परांत कोणी ढवळाढवळ करते काय, हे नवी लस कार्यक्रमात घेण्यापूर्वी रक्तातील प्रतिपिंडे मोजून पाहिले जाते; इंजेक्शनाने देण्याच्या दोन जिवंत लशी एकाच दिवशी दिल्या नाहीत, तर त्यांत चार आठवड्यांचे अंतर ठेवतात; आणि दोन लशी एका पिचकारीत परस्पर मिसळणे निषिद्ध आहे. जागा निरनिराळ्या ठेवल्या, की कोणत्या लशीची सूज आहे तेही उमगते.

आता ‘आज पेंटा द्या, बाकीच्या पंधरा दिवसांनी’ असा आग्रह धरणाऱ्या आईचा प्रसंग घ्या. न्यूमोकोकसच्या आणि इंजेक्शनाच्या पोलिओ लशीच्या पहिल्या दोन मात्रांत आठ आठवड्यांचे अंतर ठेवलेले असल्यामुळे, सहाव्या आठवड्याची मात्रा आठव्यावर गेली की चौदाव्याची सोळाव्यावर जाते. केंद्राच्या फेऱ्या वाढतात. आणि एखादी फेरी चुकली तर न्यूमोनिया ज्या वयात मुलांना अधिक घातक ठरतो, त्याच वयात ते मूल त्या लशीवाचून राहते.