तिसऱ्या तासाला बंद पडणारं ॲप

‘सर, ॲप पुन्हा बंद. मुलं नुसती बसून राहिली. कृपया बघा.’ शाळा-कॉलेजांच्या संगणक विभागाकडे येणाऱ्या बऱ्याच ईमेलची भाषा अशीच असते. चाळीस मुलांपुढे धडा अडकला, की बाईंना चार ओळी लिहिण्याइतकीही उसंत नसते. संगणकवाले सर दुपारी वर्गात येतात, आपल्या मोबाइलवर ॲप उघडतात आणि ते झटकन उघडतं. ‘आता तर चालतंय’ असं उत्तर जातं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला तोच प्रकार.

यात खोटं कुणीच बोलत नसतं. एक उदाहरण घेऊ. कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीच्या अ, ब, क अशा तीन तुकड्या आहेत. प्रत्येकीत चाळीस मुलं, प्रत्येकाकडे स्वतःचा मोबाइल. जीवशास्त्राचा ॲपवरचा धडा पहिल्या तासाला ‘अ’ला, दुसऱ्याला ‘ब’ला आणि तिसऱ्याला ‘क’ला. अडचण येते ती नेहमी ‘क’मध्येच. वैतागून झाल्यावर बाई नीट बसून दुसरा ईमेल लिहितात:

‘विषय: अकरावी क, तिसरा तास – सोमवारपासून रोज ॲप उघडत नाही

नमस्कार सर, अ आणि ब तुकडीत ॲप व्यवस्थित चालतं. क तुकडीत आज 8.50 वाजता फक्त पाच मुलांचं सुरू झालं. बाकीच्यांचे मोबाइल वायफायच्या पानावर “Obtaining IP address…” इथेच थांबतात. गूगलही उघडत नाही. त्यांच्यातल्या एकाने मोबाइल डेटा सुरू केला, तर ॲप लगेच उघडलं. पडद्याचा फोटो जोडला आहे. उद्या 8.45 ला वर्गात येऊ शकाल का?’

जाणकाराला यातली जवळपास प्रत्येक ओळ उपयोगी पडते. मोबाइल डेटावर ॲप चालतं, म्हणजे ॲप आणि कंपनीचा सर्व्हर दोन्ही ठीक आहेत. कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. गूगलही उघडत नाही, म्हणजे दोष नेटवर्कचा. आणि पडद्यावरचा तो इंग्रजी संदेश तर नेमकी जागाच दाखवतो: मोबाइलला वायफायचा आयपी पत्ता मिळत नाहीये.

वायफायला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक उपकरणाला राउटर एक पत्ता देतो, तोही ठरावीक मुदतीसाठी. हे काम डीएचसीपी नावाची व्यवस्था करते. इथल्या राउटरवर 192.168.1.100 ते 192.168.1.199 एवढेच पत्ते वाटपाला ठेवलेत, म्हणजे शंभर. मुदत चोवीस तास. वसतिगृहातल्या खाटांसारखा हा हिशेब आहे. सकाळी कर्मचाऱ्यांच्या पंधरा मोबाइलनी पत्ते घेतले, मग ‘अ’च्या चाळीस मुलांनी, मग ‘ब’च्या चाळीस. झाले पंचाण्णव. ‘क’च्या वाट्याला उरले पाच.

संगणकवाल्या सरांच्या मोबाइलवर ॲप का चालायचं, तेही इथेच कळतं. सकाळच्या त्या पंधरांत त्यांचाही मोबाइल होता!

अशा वेळी राउटर बंद करून पुन्हा चालू करण्याचा उपाय हमखास सुचवला जातो. अनेक राउटरमध्ये त्याने वाटपाची यादी पुसली जाते आणि थोडा वेळ सगळं सुरळीत होतं, म्हणूनच तो फसवा आहे. मुदत चोवीस तासांवरून एका तासावर आणणंही इथे पुरेसं नाही, कारण ‘अ’ची मुलं शेजारच्या वर्गात वायफायला जोडलेलीच असतात आणि त्यांचे मोबाइल मुदत परस्पर वाढवून घेतात. खरा उपाय पत्ते वाढवण्याचा. वाटप 20 ते 250 पर्यंत नेलं, तर 231 पत्ते हाती येतात. गरज आहे 135 ची.

मात्र वायफाय जोडलं गेलंय, धडा उघडलाय आणि व्हिडिओच गोल गोल फिरतोय, तर दुखणं वेगळं. चाळीस मोबाइलनी एकाच वेळी दोन एमबीपीएसचा व्हिडिओ मागितला, तर ऐंशी एमबीपीएस लागतात. तिथे पत्ते वाढवून काही होणार नाही. धडा आदल्या दिवशी डाउनलोड करून ठेवणं सोपं. म्हणून ‘ॲप चालत नाही’ याऐवजी ते कुठवर चालतं, हे ईमेलमध्ये यायला हवं. फोटो जोडताना त्यात मुलांची नावं किंवा पासवर्ड दिसत नाहीत ना, एवढं पाहून घ्यावं.

आणि एक काम जूनच्या आधीचं. बारावीच्या तीन तुकड्याही याच वायफायवर येणार असतील, तर आणखी 120 मोबाइल वाढतील आणि गरज 255 वर जाईल. 231 पत्ते पुन्हा अपुरे पडतील. बाईंनी तो ईमेल मे महिन्यातच पाठवावा.